खांद्यावरची चार बोटं

सरोवराजवळच्या काराकोल गावात, बाजारामागच्या गल्लीत झूराचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, कबरीच्या दगडावर कोरायचे चेहरे, लग्नाच्या मेजवानीत पडद्यावर दाखवायची चित्रं, सगळं तिथे होतं. पण झूराचं खरं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. फोटोतून माणूस काढावा तर झूराने, असं गावात म्हणतात.

हे काम ती सरकारी फोटोघरात शिकली, पेन्सिल आणि पात्याच्या काळात. तेव्हा काचेखाली निगेटिव्ह ठेवून नकोशा माणसाला खरवडायचं आणि त्याच्या जागी पेन्सिलीने भिंत रंगवायची. आता संगणक आला, हातात पात्याऐवजी लेखणी आली, पण झूराची पद्धत तीच राहिली. फोटो हातात आला की ती चेहऱ्याकडे बघतच नाही. आधी उरणाऱ्या माणसाचे खांदे बघते. "जाणारा माणूस सगळा जातो," ती म्हणते, "पण खांद्यावरची बोटं विसरून जातो." गावात कितीतरी घरांत असे फोटो आहेत. कुणी तरी रागात कात्रीने नवरा कापून टाकलेला, आणि बाईच्या खांद्यावर चार बोटं तशीच, जणू तिला मागून कुणीतरी अजून धरून ठेवलंय.

हिवाळा सरत आला होता. रस्त्याकडेचा बर्फ काळा पडायला लागला होता. तेव्हा आयझिरेक तिच्या दुकानात आली, आणि तिच्या मागोमाग तिची आई साग्न. साग्न शाळेत गणित शिकवायची. दारातच तिने मागे वळून गल्लीत कुणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं.

"अगं अपा, आपण चोरी करायला आलोय का?" आयझिरेक आईला म्हणाली.

"तू गप्प बस. गावाला बोलायला निमित्त लागत नाही."

झूराने दोघींना बसवलं, चहा ओतला आणि हात पुढे केला. आयझिरेकने फोटो पडद्यावर उघडून दिला.

उन्हाळी कुरणावरचा फोटो होता. सासरच्या यूर्तच्या, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूच्या, लाकडी दारात नवी नवरी आयझिरेक उभी. डोक्यावर एलेचेक, म्हणजे लग्न झालेल्या बाईचं ते मोठं पांढरं पागोटं, हातांनी वेढे घालत बांधलेलं. शेजारी तिचा तेव्हाचा नवरा एरमेक, अंगात गडद लाल मखमली कोट, डोक्यावर पांढऱ्या नमद्याचा कल्पाक. त्याने डोकं तिच्याकडे झुकवलेलं. त्याचा हात तिच्या पाठीमागून येऊन उजव्या खांद्यावर टेकलेला. तिचा डावा तळहात त्याच्या छातीवर. उन्हाने दोघांचेही डोळे बारीक झालेले.

"हा नको," आयझिरेक म्हणाली. "मी हवी. आणि एलेचेक हवं. सगळ्यात जास्त एलेचेकच हवं."

"बाकी फोटो?"

"त्यांच्याकडे आहेत. मी मागायला जाणार नाही."

मग तिने सगळं सांगितलं. हे एलेचेक तिच्या आजीने, बूबाजानने, स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. सरोवराच्या या बाजूला तशी बांधणी दुसऱ्या कुणाची नव्हती. त्याच वर्षी शरदात आजी गेली. ती बांधणी साग्न शिकली नव्हती. तिच्या तरुणपणी एलेचेकला जुनाट म्हणायचे, आणि ती रुमाल बांधून शाळेत जायची. आजीने आपला बांधायचा हात दिला तो थेट नातीला. आता नूरूझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सणाला सांस्कृतिक भवनात गावोगावच्या एलेचेकची भिंत उभी राहणार होती. म्हाताऱ्या अनारकान एने, म्हणजे गावाच्या आजीच, सगळं निवडणार होत्या. जिच्या बांधणीचं चित्र भिंतीवर लागेल, तिला पुढे नववधूंची डोकी बांधायला बोलावणं येणार.

"आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या हातून नवरीचं एलेचेक बांधून घेतं का कुणी?" साग्न मध्येच बोलली. "अपशकुन म्हणतात. हा फोटो असाच लावला तर भिंतीपुढे उभं राहून सगळ्या बायका कुणाचं नाव काढतील? बूबाजानचं? छे! 'अगं, हा एरमेक ना? आता दुसरी केलीये ना त्याने?' संपलं. माझ्या आईची बांधणी तिथेच मेली."

"टाकलं नाही, अपा. मी निघाले."

"गावाला सांग ते."

झूराने चहाची वाटी खाली ठेवली. "फोनवर करून बघितलं असेल ना आधी?"

आयझिरेक शरमून हसली आणि फोन पुढे केला. एका बोटात माणूस काढून देतो म्हणणाऱ्या त्या फोनने एरमेकला खरंच काढलं होतं. त्याच्या जागी कुरणाचं गवत आणि दाराचं लाकूड एकात एक कालवून ठेवलं होतं. एलेचेकची एक बाजू कापूसमिठाईसारखी फुगली होती. आणि खांद्यावर चार बोटं जशीच्या तशी.

"बघ," झूरा म्हणाली, "पाहुणा गेला, हात इथेच ठेवून गेला."

साग्नसुद्धा हसली. मग लगेच गंभीर झाली. "जमेल का पण?"

"माणूस काढायला काय, घटकाभर लागतं," झूरा म्हणाली. "तो गेल्यावर ही पडू नये, याला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी झूरा कामाला बसली. आधी खांदा. बोटांखाली रेशमी अंगरख्याचा कोणता भाग लपलाय, शिवण कुठून कुठे जाते, हे तिने मोकळ्या भागावरून ताडलं. बोटांच्या दाबाने कापडाला पडलेल्या चुण्यासुद्धा तिने काढल्या. हात गेला आणि चुण्या राहिल्या तर खांद्यावर न दिसणारं भूत बसल्यासारखं दिसतं.

मग सावली. एरमेकची सावली तिच्या घागऱ्यावरून खाली गवतात गेली होती. नुसतं उजळ करून भागत नाही. सावलीत निळसरपणा असतो, तो काढून उन्हाचा पिवळा परत आणावा लागतो. शिवाय त्या लाल मखमलीची झाक आयझिरेकच्या जबड्यावर पडली होती. कोट गेल्यावर ती झाक ठेवली असती तर पोरीच्या गालाला काहीतरी झालंय असं वाटलं असतं.

खरा पेच होता उभं राहण्याचा. आयझिरेक त्याच्याकडे रेललेली होती. तो गेला की ती हवेवर रेलणार, तळहात अधांतरी राहणार. झूरा बराच वेळ नुसती बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं की एरमेकच्या मागे, फोटोच्या उजव्या बाजूला, दाराची दुसरी चौकट असणार. डावी चौकट फोटोत पूर्ण दिसत होती, लाल रंगवलेली, कोरीव. यूर्तचं दार दोन्हीकडून सारखं, त्यावरची नक्षीही जोडीने येणारी. तिने डावी चौकट उचलली, आरशात दिसते तशी उलटवली, उजवीकडे उभी केली. ऊन एकाच बाजूने येत होतं म्हणून कोरीव कामातली उजेडाची आणि अंधाराची बाजू परत अदलाबदल केली. आयझिरेकचा तळहात किंचित सरकवून चौकटीवर टेकवला आणि हाताखाली पातळ सावली घातली.

आणि एकदम चित्र उभं राहिलं. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवलेली नवरी गेली. आपल्या दाराला हात लावून, उन्हात डोळे बारीक करून कुरणाकडे बघणारी घरधनीण आली.

झूरा इतकी खूश झाली की स्वतःशीच मोठ्याने "शाबास गं म्हातारे!" म्हणाली.

राहिलं होतं एलेचेक. एरमेकच्या कल्पाकची कड आयझिरेकच्या डाव्या कानाकडच्या वेढ्यांवर आली होती. पांढऱ्यावर पांढरं. फोटो मोठा करून करून तिने नमद्याचे केस कुठे संपतात आणि मलमलीचा धागा कुठे सुरू होतो, ती रेघ शोधली. रेघेपलीकडचं एलेचेक मात्र कॅमेऱ्याने पाहिलंच नव्हतं. तिथे काहीतरी भरायला हवं होतं. दाराने नुकतीच साथ दिली होती, त्यामुळे झूराने तीच युक्ती केली. उघडी बाजू उचलली, उलटवली, लावली, कडा मिसळल्या, उजेड जुळवला. गोल, भरदार, नितळ.

मायलेकी आल्या तेव्हा आयझिरेक पडद्यासमोर उभी राहिली. मग झूराला, थोरल्या ताईला म्हणतात तसं, हळूच म्हणाली, "एजे, मी तिथे एकटीच होते असं वाटतंय."

"एकटी नाही, घरात होतीस," झूरा म्हणाली.

साग्न जवळ आली. चष्मा चढवला. आधी तिने खांदा बघितला, मग गवत, मग दार. मान हलवत होती. मग नजर वर गेली आणि मान हलायची थांबली.

"हे कुणी बांधलंय?"

"म्हणजे?"

"माझी आई कापड परत फिरवायची नाही," साग्न म्हणाली. "या बाजूने वेढे वर चढताहेत. त्या बाजूनेही वर चढताहेत. एकच कापड, एकाच दिशेने गुंडाळतात ना? एका बाजूला चढलं तर दुसऱ्या बाजूला उतरायला नको? मी बांधायला शिकले नाही, झूरा एजे, पण लहानपणभर त्या डोक्याच्या मागे बसून शेकोटीला हात शेकलेत मी."

झूराने पडद्याकडे बघितलं आणि तिला स्वतःची चूक लख्ख दिसली. दार दोन्हीकडून सारखं असतं. डोक्याला बांधलेलं कापड नसतं. हजारो नववधूंचे फोटो तिच्या हाताखालून गेले होते, आणि एक वेढा कुठून कुठे जातो हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अनारकान एनेंनी हे बघितलं असतं तर?" साग्नचा हात छातीवर गेला. "म्हणाल्या असत्या, बूबाजानच्या नातीला सरळ वेढासुद्धा येत नाही. एरमेक असलेला फोटो परवडला असता गं!"

"अपा, पुरे."

"नाही, बोलू दे तिला," झूरा म्हणाली. तिने लेखणी उचलली आणि ती अख्खी बाजू एका फटक्यात पुसून टाकली. पडद्यावर पोकळी राहिली. "जे मी पाहिलं नाही ते मी बनवणार नाही. मला ते दाखवा. आजीचं कापड आहे का?"

"पेटीत आहे," आयझिरेक म्हणाली. "तेच."

"आणि तुझा हात?"

आयझिरेकने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "आजीसमोर बांधायचे. नंतर पुरं कधीच बांधलं नाही. कुणाच्या डोक्यावर बांधणार होते?"

झूराने साग्नकडे बघितलं. आयझिरेकनेही बघितलं.

"मी?" साग्न मागे सरकली. "वेड लागलंय का? या वयात? शाळेतलं कुणी बघितलं तर?"

"कपाळ बूबाजानचंच आहे तुमचं," झूरा म्हणाली. "दुसरं डोकं आणू कुठून?"

ढग नसलेल्या दिवसाची वाट बघून तिघी दुकानामागच्या अंगणात जमल्या. मार्चमधलं भर दुपारचं ऊन जुलैतल्या तिसऱ्या प्रहराइतकंच तिरकं असतं, हे झूराने आधीच हेरून ठेवलं होतं. फोटोतल्या आयझिरेकच्या नाकाखालची सावली बघून तिने स्टूल फिरवत फिरवत ठेवलं. अंगणात कडेला बर्फ होता. त्याच्या उजेडाने सावल्या फिक्या पडल्या असत्या, म्हणून तिने जुनं हिरवं ब्लँकेट त्यावर अंथरलं. कॅमेरा फोटोतल्याच उंचीवर, तितक्याच अंतरावर लावला.

"फोटो समोर ठेवू का?" तिने विचारलं.

"नको," आयझिरेक म्हणाली. "बघून बांधलं तर फोटोची नक्कल होईल. आठवून बांधते."

तिने आईच्या केसांवर घट्ट टोपी बसवली, हनुवटीखालून पट्टा घेतला, आणि आजीचं ते लांबच लांब कापड उलगडलं. दुसरं टोक झूराने धरलं. पहिले दोन वेढे डगमगले. आयझिरेकने सोडले. पुन्हा धरले. पुन्हा सोडले.

"मान हलवू नकोस अपा."

"मी हलवत नाहीये, माझी मान घाबरून हलतेय."

झूराला हसू फुटलं, साग्नला फुटलं, आणि आयझिरेकचे खांदे सैल झाले. मग हात चालायला लागले. एक वेढा, त्यावर अंगठ्याने दाब, पुढचा वेढा आधीच्याच्या अंगावर तिरका. कानशिलापाशी आली तशी तिने न थांबता कापडाला एक बारीक दुमड दिली आणि ती पुढच्या वेढ्याखाली लपवली. साग्नचे डोळे मिटलेले होते.

"हां," ती पुटपुटली. "इथे आई नेहमी बोटाने टकटक करायची. आता तू केलंस."

"मी? मी काही केलं नाही."

"केलंस. मला जाणवलं."

झूराने भराभर फोटो घेतले आणि आत धावली. नव्या फोटोतलं एलेचेक तिने जुन्यावर पारदर्शक करून ठेवलं, लहानमोठं केलं, जराशी मान कलती केली. मायलेकी तिच्या दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होत्या. साग्न तर एलेचेकसकटच.

जी बाजू जुन्या फोटोत उघडी होती, तिथे नव्या वेढ्यांच्या कडा जुन्या कडांवर येऊन बसल्या. एकेक करत. पहिला, दुसरा, कानशिलावरची दुमड, वरचा रुंद वेढा. आजीच्या हाताची रेघ आणि नातीच्या हाताची रेघ यांत केसभर फरक होता, तेवढा एकाच बाईने दोनदा बांधलं तरी राहतो.

"दिसतंय तेवढं जुळलं," झूरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "म्हणजे जे दिसत नव्हतं तेही हेच! उतरते वेढे बघ. हे बघ, चालले खाली!"

आयझिरेक तोंडावर हात ठेवून उभी राहिली. साग्नने आधी लेकीला मिठी मारली, मग घाबरून डोकं चाचपलं. "मोडलं नाही ना?"

त्या दिवशी साग्न घरी गेली ती एलेचेक घालूनच, बाजाराच्या मधल्या रस्त्याने. वाटेत तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका भेटल्या. तिने मान हलवली नाही.

नूरूझच्या दिवशी भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर मोठमोठे फोटो टेकवून ठेवले होते. निवड व्हायची होती. अनारकान एने काठी टेकत एकेका फोटोपुढे थांबत होत्या. कुणाला नुसतं "हूं", कुणाला तेही नाही. आयझिरेकच्या फोटोपुढे त्या थांबल्या आणि काठी सोबत आलेल्या आपल्या नातीच्या हातात दिली.

दोन्ही हातांची बोटं त्यांनी कागदावर ठेवली. वेढ्यांवरून चढत गेल्या, कानशिलावर थांबल्या, पलीकडून उतरत आल्या. ती बोटं आता नेमकी झूराने बसवलेल्या जागेवरून जात होती.

"बूबाजान," एने म्हणाल्या. "ही तिची दुमड. आम्ही तिला म्हणायचो, एवढं काय लपवतेस कापडाखाली, सोनं आहे का?" त्या वळल्या. "हा हात आहे कुणाकडे आता?"

"माझ्याकडे, एने," आयझिरेक पुढे झाली. "पण सांगायला हवं. ही डाव्या कानाकडची बाजू मूळ फोटोत झाकलेली होती. ती मी माझ्या आईच्या डोक्यावर बांधली, आणि झूरा एजेंनी इथे बसवली."

एने परत वाकल्या. नाक कागदाला लागेपर्यंत. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा.

"जोड कुठाय?"

"तो नसतो, एने," झूराला राहवलं नाही.

मागून कुणीतरी कुजबुजलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "नवरा सोडलेली आहे. नवरीच्या डोक्याला तिचा हात?"

साग्नने डोळे मिटून घेतले. हेच. याचीच तिला इतके दिवस धास्ती होती.

एने वळल्यासुद्धा नाहीत. "बूबाजान चाळिशीच्या आत विधवा झाली. तुझं एलेचेक कुणी बांधलं होतं गं, जामाल?"

कुजबुजणारी होती जामाल, एरमेकची आत्याच. तिचं तोंड लाल झालं. "बूबाजाननेच."

"मग? नांदलीस की नाही?"

"नांदले."

"नांदलीस कसली, त्या बापड्याला नांदवलंस!" सगळं भवन हसलं. खुद्द जामालही हसली. मग विषय बदलावा म्हणून ती फोटोकडे बघू लागली. बराच वेळ बघितलं. "हे दार कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

साग्नने डोळे उघडले. झूराने तिच्याकडे बघितलं. शाळेत आवाज न चढवणारी साग्न हनुवटी उचलून, अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, "असेल. दार काय, दोन्हीकडून सारखंच."

फोटो भिंतीच्या मधोमध लागला. एनेंनी आपल्या नातीला खांद्याला धरून आयझिरेकपुढे आणलं. पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"बस," त्या नातीला म्हणाल्या. मग आयझिरेकला, "बांध. लोकांना बघू दे. आणि तुझ्या आईला कापड धरायला लाव, एवढी वर्षं पळाली."

साग्नने कापडाचं टोक धरलं. आयझिरेकचा अंगठा पहिल्या वेढ्यावर दाबला गेला. भोवती बायकांचं कडं पडलं. कानशिलाशी दुमड आली तेव्हा मागून कुणीतरी "वाः!" म्हणालं, आणि अनारकान एनेंनी समाधानाने आपला हात आयझिरेकच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

झूराने कॅमेरा उचलला आणि कळ दाबली. मग सवयीने पडद्यावर आधी खांदा बघितला. चार बोटं होती. म्हातारी, सुरकुतलेली, चांदीच्या अंगठ्या घातलेली, रेशमाला चुण्या पाडत घट्ट रोवलेली.

"हा फोटो मला दे हं, एजे," साग्न टोक न सोडता ओरडली. "आणि ऐक, याला हात लावायचा नाही!"